आबांना ‘प्रिय’ लिहावं की ‘तीर्थस्वरूप’?

*ताई, माझं वय ३४. वडील मागच्या वर्षी वारले. धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात धरलंय. थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, लातूरला असतात. बांधावरून सहा वर्षं बोलणं बंद आहे. आई म्हणते, नुसती पत्रिका धाडून भागायचं नाही, हातानं पत्र लिही आणि वर ‘ती. स्व.’ घाल. धाकटा भाऊ म्हणतो, आता कोण लिहितंय तसं, ‘प्रिय काका’ लिहून मोकळा हो. दुसरं, शेतरस्त्याच्या अर्जावर टायपिंगवाल्यानं ‘प्रति, मे. तहसीलदार साहेब यांस, स. न. वि. वि.’ असं टाकून दिलंय. तहसीलदार मॅडम आहेत, माझ्याहून लहानच असतील. तिसरं, वडिलांचे दोस्त असलेले एक निवृत्त गुरुजी आम्हाला कायम ‘सप्रेम जय भीम’ लिहितात. त्यांना बोलावणं लिहिताना मी वर काय घालू?*
*– एक वाचक, ता. सेलू, जि. परभणी*

आधी आबांचं पत्र घेऊ. अर्ज चुकला तर दुसरा टाईप करता येतो आणि गुरुजी तुमचेच आहेत, ते समजून घेतील. आबांच्या हातात मात्र सहा वर्षांनी तुमचा कागद पडणार आहे आणि त्यातली पहिली ओळ ते दोनदा वाचतील.

मायना हे खरं तर एक पूर्ण वाक्य असतं, एवढं ध्यानात आलं की बाकीचं आपोआप सुटत जातं. ‘तीर्थस्वरूप आबा यांस साष्टांग नमस्कार’ या ओळीतलं क्रियापद तेवढं गिळलेलं आहे. नमस्कार कुणाला, तर आबांना. कसा, तर साष्टांग. ‘यांस’मधला ‘स’ म्हणजे आपण शाळेत ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ असा घोकलेला चतुर्थीचा प्रत्यय. म्हणून ‘यांस’ लिहिल्यावर स्वल्पविराम देऊन थांबू नये. तिथं थांबलं तर ‘आबांना’ एवढंच म्हणून गप्प बसल्यासारखं होतं, पुढं नमस्कार यायलाच हवा.

‘प्रिय काका’ची घडण निराळी आहे. ती हाक आहे, संबोधन आहे. हाक मारली की स्वल्पविराम द्यायचा आणि सरळ बोलायला लागायचं. तिथं ‘यांस’ही लागत नाही आणि नमस्कारही अडून बसत नाही. ‘प्रिय काका यांस’ असं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं मी बऱ्याच वह्यांमधून तांबड्या शाईनं खोडलेलं आहे. हाक मारायची की नमस्कार घालायचा, हे लिहिणाऱ्यानं आधी ठरवायचं असतं.

तुमच्या भावाचं अगदीच चुकतं असं मी म्हणणार नाही. माझी नात मला ‘प्रिय आजी’ लिहिते आणि मला ते गोडच लागतं. पण ‘प्रिय’ हा शब्द मुळात बरोबरीच्या किंवा आपल्याहून लहान माणसाकडे जातो. मित्राला, मैत्रिणीला, बहिणीला, नवऱ्याला, बायकोला तो शोभतो. थोरांकडे तो जातो तेव्हा त्याच्या पाठीशी रोजची जवळीक असावी लागते. नात रोज मांडीवर बसते, म्हणून तिचा ‘प्रिय’ खरा वाटतो. सहा वर्षं ज्यांच्या उंबऱ्याला पाय लागला नाही त्यांना पहिल्याच शब्दात ‘प्रिय’ म्हटलं, तर आबा म्हणतील, आत्ता कुठून आलं हे प्रेम? त्यांना तुमच्याकडून प्रेमाच्या आधी मान हवा असणार. बांधाच्या भांडणात मानच दुखावलेला असतो. जमीन हातभर इकडं-तिकडं झालेली असते एवढंच.

आता ‘ती.’ आणि ‘ती. स्व.’ यांतला फरक. ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप. हा शब्द रिवाजाप्रमाणे आपल्या आईवडिलांसाठी राखून ठेवलेला. ‘ती. स्व.’ म्हणजे तीर्थस्वरूप, आईवडिलांसारखे पूज्य असलेले बाकीचे वडीलधारे: चुलते, मामा, मावशी, आत्या, सासरे. काही घरांत आजोबांना आणि थोरल्या भावालाही ‘ती.’ लिहितात, त्यावर कोणी भांडू नये. पण चुलत्यांना ‘ती. स्व.’ हेच नेमकं. तुमच्या मनात येईल की वडील आता नाहीत, तर आबांनाच ‘तीर्थरूप’ लिहावं, त्यांना बरं वाटेल. तसं करू नका. जो शब्द त्यांना कधी लिहिला नाही तो लग्नाच्या तोंडावर लिहिला, तर त्यात काम काढून घेण्याचा वास येतो. त्यांची जी जागा होती तीच पुन्हा द्या. आईनं बरोबर सांगितलंय.

‘ती. स्व.’ पुढं नाव कोणतं? पत्रिकेवर छापलेलं तीन पदरी नाव इथं घालू नका. घरात जी हाक असते तीच घालायची. तुम्ही लहानपणापासून आबा म्हणत आलात, तर ‘ती. स्व. आबा’. ‘ती. स्व. काका’ लिहिलंत तर चूक कसली नाही, पण ‘काका’ कोणाचेही असतात.

यानंतर नमस्कार, आणि इथं एका कान्याचा प्रश्न आहे. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. हा बरोबरीच्यांचा. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. हा धाकट्यानं थोराला घालायचा. त्याच्याही वर ‘शि. सा. न.’, म्हणजे शिरसाष्टांग. लग्नपत्रिकांवर सगळीकडं ‘स. न. वि. वि.’ छापतात, कारण एकच पत्रिका व्याह्याला, शेजाऱ्याला आणि चुलत्याला जाते. छापील पत्रिकेत ते चालून जातं. हातानं लिहिलेल्या पत्रात ते उचलून घातलं की पुतण्या चुलत्याच्या बरोबरीनं बसल्यासारखा दिसतो.

हे मला कळलं ते माझ्याच फजितीतून. लग्न होऊन नांदायला आले त्या वर्षी सासूबाईंच्या थोरल्या भावाला मी पहिलं कार्ड टाकलं. आमच्याच पत्रिकेतून बघून वर ऐटीत ‘स. न. वि. वि.’ लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: ‘चि. सौ. हिस अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. त्यातला एक काना वाटेत कुठं गळाला दिसतो, पुढच्या कार्डात न विसरता पाठवणे.’ दोन दिवस मला त्याचा अर्थच लागेना. नवरा शेवटी हसत म्हणाला, अगं, ‘स’चा ‘सा’ कर. पुढं त्यांना मी जितकी कार्डं टाकली त्या सगळ्यांत ‘सा’चा काना मुद्दाम ठसठशीत काढायची.

तुम्ही मात्र आद्याक्षरं वापरूच नका. ‘सा.’चं कोणी ‘सादर’ वाचतं, कोणी ‘साष्टांग’. शिवाय आद्याक्षरं ही घाईची खूण आहे. रोज पत्रं लिहिणाऱ्याला ती शोभतात. सहा वर्षांत एक पत्र लिहिणाऱ्यानं ‘तीर्थस्वरूप’ नाही तरी निदान ‘साष्टांग नमस्कार’ एवढं सबंध लिहावं.

‘वि. वि.’चं काय, ते आता सांगते, कारण ही दोन अक्षरं लाखो पत्रिकांवर छापली जातात आणि विचारलं तर सांगता येत नाहीत. जुन्या मोडी पत्रांत मायना झाला की ठरीव मजकूर यायचा: ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत असावे. विशेष.’ म्हणजे आमची खुशाली कळली, तुमची कळवत जा, आणि आता खास कामाचं. हा ‘विशेष’ म्हणजे कामाच्या खोलीचा दरवाजा. कारकुनांनी ते सगळं आटवून ‘विनंती विशेष’ केलं आणि छापखान्यांनी आणखी आटवून ‘वि. वि.’. म्हणून ‘वि. वि.’ लिहून पुढं परत ‘विनंती की’ किंवा ‘पत्र लिहिण्यास कारण की’ लिहिणं म्हणजे एकाच खोलीला दोन-दोन दरवाजे लावणं. एक ठेवा. तुमच्या पत्राला एकही नसला तरी चालेल.

आणि हे मायन्याचं शास्त्र आपल्याकडं पुण्याहून आलं असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडं हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, कारभारी होता. कोणाला कोणत्या दर्जाचा मायना लिहावा, हिशेब कसा मांडावा हे सांगणाऱ्या ज्या पोथ्या कारकुनी घराण्यांत चालत आल्या त्यांना ‘मेस्तक’ म्हणत, आणि परंपरेनं त्यांचा धनी हेमाडपंतच मानला जातो. देवगिरी तुमच्या सेलूपासून काही लांब नाही.

मायन्याच्याही वर एक ओळ असते, ती विसरू नका. नुसतं ‘॥ श्री ॥’ चालतं. पण तुमची भावकी एक, म्हणजे कुलदैवतही एकच. तुळजाभवानी असेल तर ‘॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥’ लिहा, माळेगावचा खंडोबा असेल तर त्याचं नाव लिहा. त्याच देवाला आबांच्याही घरात नैवेद्य जातो. बांध वाटला गेला तरी देव्हारा वाटला गेला नाही, एवढं त्या एका ओळीत येतं, वेगळं सांगावं लागत नाही. कागदाच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावा. मयताची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायची रीत होती आणि त्यावर ‘श्री’ लिहीत नसत. थोरल्या माणसांची नजर अजूनही आधी कोपऱ्याकडंच जाते. वडिलांच्या वेळी आबांना कसं कळवलंत ते मला ठाऊक नाही, पण या वेळचा कागद मंगल आहे हे त्यांना घडी उघडायच्या आधीच कळू द्या.

आणखी एक नाजूक जागा. आबांच्या बरोबर तुमच्या मोठ्याईंचं नाव घ्यालच, आणि घ्यायलाच हवं, कारण असल्या भांडणात बायकांचं बोलणं तुटतं ते शेवटी आणि जुळतं ते आधी. त्यांना ‘ती. स्व. सौ. मोठीआई’. पण पत्रिकेवर निमंत्रक म्हणून तुमच्या आईचं नाव येईल, त्याआधी काय छापायचं हे छपाईवाला तुम्हाला विचारणार नाही. तो वडिलांच्या नावाआधी ‘कै.’ बघेल आणि आईच्या नावाआधी ‘गं. भा.’ ठोकून देईल. ‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी, नवरा गेलेल्या बाईचं जुनं बिरूद. २०२३ साली सरकारी कामकाजात ‘विधवा’ऐवजी हा शब्द वापरावा अशी सूचना आली तेव्हा बायकांनीच तिच्यावर टीका केली. वाईटाला चांगलं नाव दिलं तरी कपाळावर शिक्का तो शिक्काच. ‘श्रीमती’ लिहा. आईला एकदा विचारा मात्र, तिला नुसतं नाव हवं असेल तर नुसतं नाव.

आमच्या घरातल्या एका लग्नात तर उलटाच घोटाळा झाला होता. निमंत्रकांच्या रांगेत दोन जावा शेजारी शेजारी, एक ‘सौ.’ आणि एक ‘गं. भा.’. छापताना बिरुदांची अदलाबदल झाली. काका मांडवात हिंडतायत आणि पत्रिकेवर काकू ‘गं. भा.’! पाचशे पत्रिका वाटून झाल्यावर ध्यानात आलं. काका म्हणायचे, मला जिवंतपणी श्रद्धांजली मिळाली. काकू मात्र तो विषय निघाला की उठून आत जायची. म्हणून प्रूफ आलं की आधी नावांच्या आधीची ही दोन-दोन अक्षरं तपासा, मग मुहूर्ताची वेळ.

तुमचं पत्र मी असं लिहिलं असतं:

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

ती. स्व. आबा आणि ती. स्व. सौ. मोठीआई यांस
साष्टांग नमस्कार.

आपल्या धाकटीचं लग्न वैशाखात ठरलं आहे. मुलगा जिंतूरकडचा आहे, शिक्षक आहे. पत्रिका सोबत ठेवली आहे, पण छापील कागद हाती पडायच्या आधी तुम्हाला मी सांगावं असं आईला आणि मलाही वाटलं. बाबा असते तर स्वतः आले असते. देवक बसवायला घरातलं थोरलं माणूस तुम्हीच आहात. तुम्ही दोघं चार दिवस आधी आलात तर बरं होईल. न्यायला मी येतो, कोणत्या दिवशी येऊ ते कळवावं.

आईनं तुम्हा दोघांस नमस्कार सांगितला आहे. लहानांस आशीर्वाद.

तुमचा पुतण्या

यात बांधाचा शब्द नाही हे बघा. माफी नाही, खुलासा नाही. तो विषय समोरासमोरचा, कागदावर आला की त्याचा दस्तऐवज होतो. ‘आपल्या धाकटीचं’ यातलं ‘आपल्या’ मुद्दाम घातलंय, त्यात आबाही आले. पण आबांना ‘आपण’ म्हणू नका. आपल्याकडं घरात थोरांना ‘तुम्ही’ म्हणतात. ‘आपण यावे’ हे पाहुण्याला आणि साहेबाला. पुतण्यानं ‘आपण’ म्हटलं की मान वाढत नाही, अंतर वाढतं. म्हणून खाली सहीच्या वरही ‘आपला आज्ञाधारक’ नको, ‘तुमचा पुतण्या’ पुरे. मायन्यात जेवढे वाकलात तेवढ्यावरून खाली सरळ बोलायला हरकत नाही.

आता तहसीलचा अर्ज. टायपिंगवाल्यानं एका ओळीत तीन जमान्यांचे मायने कोंबलेत, म्हणून ती ओळ वाचायला मजा येते आणि द्यायला वाईट आहे.

‘मे.’ म्हणजे मेहेरबान. हा फारसी शब्द मराठी दफ्तरात सगळीकडेच शिरला. आपल्याकडं १९४८ पर्यंत निजामाची राजवट आणि कचेरीची भाषा उर्दू, त्यामुळं तो जास्तच रुजला. कोर्टाच्या कागदांवर ‘मे. कोर्ट’ अजून चालतं. व्यापाऱ्यांच्या पाट्यांवरचा ‘मे.’ मात्र मेसर्सचा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तहसीलच्या अर्जावर ‘मे.’ लिहिल्यानं अर्ज परत येणार नाही, पण तुम्ही मेहेरबानी मागायला चाललेला नाहीत. बांधावरून रस्ता मिळावा ही मागणी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली होते, आणि तिच्यावर निर्णय करणं हे तहसीलदारांचं काम आहे. तेव्हा ‘मा.’, म्हणजे माननीय, एवढंच लिहा आणि तेही एकदाच. ‘मा. सन्माननीय आदरणीय’ अशी उतरंड रचू नये. राष्ट्रपतींच्या नावामागचं ‘महामहिम’सुद्धा २०१२ मध्ये बाजूला ठेवलं गेलं.

‘साहेब’ काढा आणि ‘मॅडम’ही घालू नका. अर्ज खुर्चीला असतो, त्या खुर्चीला वय नाही आणि बदलीची ऑर्डर कधीही येते. आज मॅडम आहेत, पुढच्या महिन्यात कोणी साहेब येतील, अर्ज तोच फाईलला राहील. म्हणून नावही लिहायचं नाही, पदच लिहायचं. समोर गेल्यावर खुशाल मॅडम म्हणा. त्या तुमच्याहून लहान आहेत याचा मायन्याशी काही संबंध येत नाही. उद्या तुमचा सख्खा भाचा तहसीलदार होऊन आला तरी त्याला अर्जात ‘चि.’ लिहिता येणार नाही, आणि तुमचे आबा त्या खुर्चीत असते तरी ‘ती. स्व.’ लिहिता आलं नसतं.

आणि ‘स. न. वि. वि.’ तर सपशेल काढा. अर्जात नमस्कार नसतोच. ‘प्रति’ हा शब्दच ‘यांस’चं काम करतो, म्हणून ‘प्रति’ आणि ‘यांस’ दोन्ही एकदम नकोत. नमस्काराच्या जागी एक हाक येते, ‘महोदय’ किंवा ‘महोदया’. आणि ‘विनंती विशेष’चं काम आता ‘विषय’ ही ओळ करते. आवक बारनिशीला बसलेला कारकून तुमचा मायना वाचत नाही, तो विषय आणि गाव वाचून कागद कोणत्या टेबलाला टाकायचा ते ठरवतो. म्हणून जी ताकद मायन्यात घालायची ती तिथं विषयात घाला:

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, सेलू, जि. परभणी

विषय: मौजे (गावाचं नाव), गट क्र. (तुमचा) मध्ये जाण्यासाठी गट क्र. (शेजाऱ्याचा) च्या बांधावरून शेतरस्ता मिळणेबाबत.

महोदया,
मी वरील गटाचा खातेदार असून...

शेवटी ‘अर्जदार’ लिहून सही. ‘आपला विश्वासू’ही चालतं, पण अर्जाला ‘अर्जदार’ जास्त नेमकं. तहसीलदार बाई आहेत की बाप्ये हे माहीत नसेल अशा वेळी ‘महोदय/महोदया’ असं दोन्ही लिहावं. ‘महोदय’ सर्वांना लागू पडतं असं जुने कारकून म्हणायचे, ते बायका खुर्चीत नव्हत्या तेव्हाचं. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.

राहिले गुरुजी. त्यांचं पत्र काढून बघा, वर ‘आयु.’ असेल. म्हणजे आयुष्मान, बौद्ध घरांतून गृहस्थाच्या नावाआधी ‘श्री.’च्या जागी तो लिहितात, बाईच्या नावाआधी आयुष्मती. म्हणजे त्यांच्याकडं ‘श्री’ नाही, ‘तीर्थ’ही नाही, आणि ते चुकून राहिलेलं नाही, समजून उमजून सोडलेलं आहे. तेव्हा आबांच्या पत्राची नक्कल काढून त्यांना ‘ती. स्व. गुरुजी’ लिहू नका. ‘आदरणीय गुरुजी यांना’ असं लिहा. ‘आयु.’ बरोबरीच्या गृहस्थाला ठीक, वडिलांच्या मित्राला ‘आदरणीय’ बरं दिसतं. त्यावर कुलदैवताची ओळ नको, कोपऱ्याला कुंकूही नको. पत्रिकेवर ते छापलेलं असेलच, त्याला ते काही म्हणणार नाहीत. हातानं लिहिलेल्या चार ओळी मात्र त्यांच्या असू द्या.

नमस्काराच्या जागी काय, हा तुमचा खरा प्रश्न. मी ‘सविनय जय भीम’ लिहिलं असतं. ते तुम्हाला ‘सप्रेम’ लिहितात कारण ते वडीलधारे आहेत आणि तुमच्यावर त्यांची माया आहे. तुम्ही उलट पाठवताना ‘सविनय’ केलं की तुमच्या ‘स’ आणि ‘सा’सारखाच फरक तिथंही पाळला गेला. पण हे लिहिताना तुमचा हात अडत असेल, आपण उसनं काही घालतोय असं वाटत असेल, तर ‘सादर नमस्कार’ लिहा, त्यात काही कमी नाही. ओढूनताणून लिहिलेलं वाचणाऱ्याला कळतं. मात्र त्यांनी इतकी वर्षं ‘सप्रेम जय भीम’ लिहिलं आणि तुमच्या वडिलांनी उलट काय लिहिलं ते आईला विचारून बघा. वडिलांचं एखादं अर्धवट राहिलेलं पत्र ट्रंकेत सापडलं तर तोच मायना उचला. त्यात अडखळण्याचं कारणच उरत नाही. त्यांच्या पत्नी हयात नसतील तर उल्लेखात ‘कै.’ नको, ‘कालकथित’ लिहितात.

बाकीच्या मंडळींचं थोडक्यात. माळकरी पाहुण्यांना ‘राम कृष्ण हरी’, कीर्तनकाराच्या नावाआधी ‘ह. भ. प.’, महानुभाव घरी ‘दंडवत प्रणाम’, वडिलांचे कोणी मुसलमान दोस्त असतील तर ‘जनाब’ आणि नावापुढं तुम्ही हाक मारता ते ‘चाचा’ किंवा ‘भाई’, मग सलाम. हे सगळे मायने आपल्या गावांतून एकाच पोस्टमनच्या थैलीत हिंडलेले आहेत.

एक राहिलं, पाकीट. ‘ती. स्व.’ आतल्या कागदावर. बाहेर ‘श्री.’ आणि आबांचं पूर्ण नाव, मग पत्ता आणि पिन कोड. नातं पाकिटावर लिहीत नाहीत, पोस्टमनला त्याचं काय करायचंय? आणि पाकीट भरताना पत्रिका खाली, पत्र वर ठेवा. आबांनी उघडलं की आधी तुमचं अक्षर दिसलं पाहिजे.